मैत्रीण चांगल्या नोकरीवर चालली. मागे राहणारीने निरोपात काय लिहावं?

प्रश्न: रत्नागिरीजवळच्या एका आंबा प्रक्रिया कारखान्याच्या लॅबमध्ये मी काम करते. लॅबमधली माझी जवळची मैत्रीण नाशिकच्या मोठ्या कंपनीत वरच्या पदावर, जास्त पगारावर चालली आहे. शनिवारी निरोप समारंभ आहे आणि "तूच बोल, तुझ्याशिवाय कोण बोलणार" म्हणून सगळ्यांनी माझ्यावर टाकलंय. लिहायला बसले की एकतर रडू येतं, नाहीतर राग येतो. सीझन तोंडावर आलाय, तिच्या जागी अजून कोणी नाही, आणि ती जाणार हे मला तिच्याकडून नाही, मॅनेजरसाहेबांकडून कळलं. आतापर्यंत एवढंच लिहून झालंय: "तू मनमिळाऊ, कष्टाळू आणि हसतमुख होतीस. तू आम्हाला सोडून चाललीस याचं दुःख आहे, पण तुझ्या प्रगतीचा आनंदही आहे. तू गेल्यावर लॅब सुनीसुनी होईल." हे खरं आहे, पण वाचून मलाच काही वाटत नाही. गरातला आंबटपणा मोजायचं टायट्रेशन तिनं मला शिकवलं. "घाईचा थेंब परत घेता येत नाही" असं म्हणायची. बागायतदार आला की त्यालाच क्रेटमधून फळं निवडायला सांगायची आणि त्याच्यासमोर कापायची. आम्ही डबा एकत्र खायचो. ती मूळची देवरूखकडची. हे सगळं कसं लिहू?

उत्तर:

आधी एक करा, कागद दोन घ्या. एक शनिवारी सगळ्यांसमोर वाचायचा आणि एक फक्त तिच्या हातात द्यायचा. रडू आणि राग एकदम येतात, कारण दोन्ही कागद तुम्ही एकाच कागदावर लिहायला बघताय. डब्याची गोष्ट, मॅनेजरसाहेबांकडून कळल्याचं शल्य, सीझनची धास्ती आणि टायट्रेशन, सगळं एकाच ओळीत उभं राहतं आणि मग हात आपोआप "मनमिळाऊ, कष्टाळू"कडे वळतो, कारण ते शब्द कोणालाच टोचत नाहीत. कारखान्यांच्या पर्सोनेल विभागात माझी नोकरी झाली आणि निरोपाची भाषणं, मानपत्रं, कार्डावरच्या चार ओळी लिहून देण्याचं काम नेहमी माझ्याकडेच यायचं. ज्यांचं लिहिणं अडायचं त्यांचं बहुतेक वेळा इथंच अडायचं.

सभेच्या कागदापासून सुरुवात करू. तो ऐकणार कोण, याचा विचार करा. मॅनेजरसाहेब असतील, अकाउंट्सवाले असतील, सॉर्टिंगच्या टेबलावरच्या बायका असतील, लॅबमध्ये नुकतं लागलेलं एखादं पोर असेल. आणि ती स्वतः पुढच्या खुर्चीवर शाल-नारळ मांडीवर घेऊन बसलेली असेल. तिचं रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला आणि शेवटचा हिशेब त्या दिवशी बहुतेक ऑफिसातच पडलेला असेल, हे विसरू नका. एका कारखान्यात मित्राच्या निरोपाला एकाने भावनेच्या भरात "इथं माणसाची किंमत नाही म्हणूनच तो चालला" असं म्हटलं. टाळ्या पडल्या, आणि पुढं त्या जाणाऱ्याच्या कागदांवर सही व्हायला विनाकारण उशीर झाला. बोलणारा तिथंच राहिला, भोगलं जाणाऱ्याने. म्हणून माणूस कमी आहे, सीझन कसा निघणार, कंपनीने तिला थांबवायला हवं होतं, यातलं काहीही सभेच्या कागदावर नको. ते खरं असेल, तर सोमवारी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन वेगळं मांडा. तिथं त्याचा उपयोगही होईल.

आता तुमचा मसुदा. त्यात तीन गोष्टी खटकतात.

पहिली म्हणजे काळ. "मनमिळाऊ होतीस, हसतमुख होतीस." जिवंत, समोर बसलेल्या माणसाबद्दल "होतीस" आलं की ते शोकसभेतलं वाटतं. तिचा स्वभाव नाशिकला जाऊन बदलणार नाही. जे संपलंय ते एकच, तिचं इथलं काम. तेवढ्यापुरताच भूतकाळ वापरा. "तू मला शिकवलंस" चालेल, "तू चांगली होतीस" चालणार नाही. आपल्याकडच्या निरोपाच्या भाषणांत ही चूक इतकी होते की कानाला सवयच झालीय, पण ज्याच्यावर ते बोललं जातं त्याला ते जाणवतं.

दुसरी म्हणजे "आम्हाला सोडून चाललीस". वाक्य प्रेमाचं आहे, पण ऐकताना त्यात आरोप येतो. तिने कंपनी सोडली आहे, तुम्हाला सोडलेलं नाही. चांगली नोकरी घेणाऱ्याच्या मनात आधीच थोडी अपराधी भावना असते, विशेषतः सीझनच्या तोंडावर जाताना. त्यात भर घातली की ती समारंभभर तुमची समजूत काढत बसेल. त्या दिवशी तरी तिच्यावर ते काम नको. मसुदा पुन्हा वाचून प्रत्येक वाक्यापाशी विचारा: हे ऐकून तिला काही उत्तर द्यावंसं वाटेल का, "अगं, तसं नाही गं" असं? वाटणार असेल, तर ते वाक्य काढा.

तिसरी गोष्ट म्हणजे विशेषणं. तिच्या नावाच्या जागी स्टोअरच्या माणसाचं नाव घालून बघा. "मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख" त्यालाही लागू पडेल. म्हणूनच वाचून तुम्हाला काही वाटत नाही. उलट तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात ते वाक्य, बागायतदाराला फळं निवडायला सांगायची आणि त्याच्यासमोर कापायची, ते दुसऱ्या कुणालाच लावता येणार नाही. तुमचं भाषण तिथं आहे.

त्या एका गोष्टीवर जरा थांबू, कारण ती लिहिण्यात सगळं आलं. बाहेरच्या माणसाला त्यात काय मोठं असं वाटेल, पण सभेतले सगळे जाणतात. हापूसमध्ये साका असेल तर तो वरून कळत नाही. फळ बाहेरून पिवळंधमक, वासाला छान, आणि कापलं की आत गर पांढुरका, पिठूळ, आंबट. कॅनिंगला आलेल्या लॉटमध्ये साका किती, हे कारखान्यात सहसा कापूनच बघावं लागतं. आणि वाद तिथंच होतो. बागायतदार राजापूर नाहीतर देवगडकडून गाडी करून आलेला, आत लॅबमधून चिठ्ठी येते की लॉटमध्ये साका आहे, वजनात कपात. त्याने ती फळं पाहिलेलीच नसतात. त्याच्या मनात येणार की आमचा माल चांगला होता, यांनी मुद्दाम खराब फळं काढली. तुमच्या मैत्रिणीने काय केलं? फळं निवडायचं काम त्याच्याच हातात दिलं आणि सुरी त्याच्या डोळ्यांसमोर चालवली. कपात तेवढीच झाली असेल, पण तिच्यावर संशय घ्यायला जागा उरली नाही. ही प्रामाणिकपणाची गोष्ट आहे, आणि तुम्हाला "प्रामाणिक" हा शब्द एकदाही लिहावा लागत नाही.

अशी गोष्ट लिहिण्याआधी स्वतःला काही विचारा आणि उत्तरं खरडून ठेवा. ती कुठं उभी राहायची, वजनकाट्याजवळ की शेडच्या तोंडाशी? कापताना काय म्हणायची? समोरच्याचा चेहरा कसा व्हायचा? एखादा भांडणाच्या तयारीने आलेला आणि चहा पिऊन गेलेला बागायतदार आठवतो का? यातलं एकच, फार तर दोन, भाषणात घ्यायचं. सगळं घेतलंत तर गोष्टीचा अहवाल होईल. मात्र आठवत नसेल ते रचू नका. सभेत ती बसलेली आहे आणि सॉर्टिंगच्या बायकाही. एक तपशील खोटा निघाला की बाकीचे खरे तपशीलही उतरतात.

टायट्रेशनची गोष्टही घ्या, पण लहान. आंब्याचा गर मुळात केशरी, त्यात फिनॉल्फ्थेलिन या दर्शकाचा फिका गुलाबी रंग नेमका कुठं टिकला हे नव्या माणसाला दिसत नाही. म्हणून नमुना पाण्याने पातळ करायचा, खाली पांढरा कागद ठेवायचा आणि ब्युरेटमधून शेवटी थेंबथेंब सोडायचं. हे शिकवताना ती "घाईचा थेंब परत घेता येत नाही" म्हणायची, हे तिचंच वाक्य आहे. ते जसंच्या तसं ठेवा. त्याचा अर्थ सांगू नका, आयुष्याला जोडून दाखवू नका. जाणाऱ्या माणसाला आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं की तिला कळतं, इथं आपलं काहीतरी राहिलंय.

नोकरी चांगली आहे हे सरळ म्हणा. मागे राहणारे इथंच चाचरतात. "नाइलाजाने जातेय", "घरच्यांसाठी जातेय", "पगारासाठी का होईना" असलं काही जोडू नका. ती वरच्या जागेवर चालली आहे, तिला ते काम येतं, आणि तिने ते मिळवलं. पगाराचा आकडा, नव्या कंपनीची आपल्या कंपनीशी तुलना, हे सोडून द्या. तुमच्या मनात थोडी असूया असेल तरी घाबरू नका. जवळच्या माणसाबद्दल ती येतेच. ती लपवायला म्हणून कौतुक फुगवू नका, एवढंच सांभाळा. फुगवलेलं कौतुक ऐकणाऱ्याला लगेच कळतं. एका साध्या वाक्यात म्हटलेलं कौतुक खरं वाटतं.

आणि दुःख? ते सभेत एकदाच येऊ द्या, तेही कामाच्या रूपात. "लॅब सुनीसुनी होईल" हे सगळे म्हणतात. "पुढच्या महिन्यात पहिली गाडी येईल तेव्हा सुरी माझ्या हातात असेल" हे फक्त तुम्हीच म्हणू शकता. बाकीचे सगळे तिचं कौतुक करू शकतात. ती जे करायची ते उद्यापासून कोण करणार, हे मागे राहणारीच सांगू शकते. त्यात तुमचं हळवेपण दिसतं आणि तिच्यावर ओझंही पडत नाही.

तुमच्याच सामग्रीतून सभेचा कागद कसा होईल, ते लिहून दाखवतो. बांधणी बघा, शब्द तुमचे घाला, आणि मी भरलेला एखादा तपशील तसा घडलेला नसेल तर तो काढा.

"नमस्कार. मला भाषण येत नाही, म्हणून मी जे रोज पाहिलं तेवढं सांगते.

कॅनिंगचा आंबा उतरला की लॅबमधून बाहेर पहिली ही यायची. बागायतदाराला म्हणायची, काका, फळं तुम्हीच काढा. ते काढायचे, ही त्यांच्यासमोर कापायची. साका निघाला तर ती फोड त्यांच्याच हातात द्यायची. मी लॅबला लागले तेव्हा मला वाटायचं, यात वेळ किती जातो. नंतर पाहिलं की त्या गाडीवर भांडण होत नाही. आपल्या फाटकावर लोक हिच्या नावाने विचारतात, कापायला त्या ताई आहेत का?

मला टायट्रेशन हिने शिकवलं. गरात गुलाबी रंग मला दिसायचाच नाही. ही मागे उभी राहून म्हणायची, घाईचा थेंब परत घेता येत नाही. आजही ब्युरेट हातात घेतली की मला ते ऐकू येतं.

तू आता एका मोठ्या लॅबची जबाबदारी घेतेयस. ती जागा तुला शोभते आणि तू ती स्वतःच्या कामावर मिळवलीस. आम्हाला सगळ्यांना त्याचा आनंद आहे.

पुढच्या महिन्यात पहिली गाडी येईल तेव्हा सुरी माझ्या हातात असेल. फळं मी काकांनाच काढायला सांगेन.

नाशिकला सुखाने जा."

वाचायला दीडेक मिनिट लागेल. पुरे आहे. तुमचा एखादा प्रसंग घातलात तर दोन मिनिटं होईल, त्यापुढे नेऊ नका. तिच्याबद्दल बोलणारे आणखी चारजण असतील आणि समारंभ बहुधा शिफ्ट सुटायच्या वेळेला असेल. बसवाल्या बायकांचं लक्ष घड्याळाकडे जायला लागलं की चांगलं बोलणंही वाया जातं.

वरच्या मसुद्यात सुरुवातीला "ही यायची, ही म्हणायची" आहे आणि शेवटी "तू" आहे, तिकडे लक्ष द्या. आधी सभेला सांगायचं, मग तिच्याकडे वळायचं. तुम्ही एरवी तिला अगंतुगं करत असाल तर सभेत "आपण", "आपले" असं औपचारिक बोलू नका, दोघींनाही ते परकं वाटेल. पण पहिल्या शब्दापासून "तू, तू" केलंत तर बाकीचे पाहुण्यासारखे बाजूला पडतात. ती तुमच्यापेक्षा मोठी असेल आणि सगळे "ताई" म्हणत असतील, तर तुम्हीही सभेत ताईच म्हणा. दोघींतले विनोद, टोपणनावं, मॅनेजरसाहेबांच्या नकला, हे काही नको. दोघीच हसतात आणि बाकीचे एकमेकांकडे बघतात.

आता दुसरा कागद.

मॅनेजरसाहेबांकडून कळलं, हे तुम्हाला लागलंय. ते ना सभेत, ना पत्रात. पत्र राहतं. ती ते नाशिकच्या भाड्याच्या खोलीत पुन्हा वाचेल, आणि तुमचा राग दोन आठवड्यांत उतरला तरी कागदावरचा उतरणार नाही. हे तोंडी बोलायचं, आणि शनिवारच्या आत. डबा खाताना, तिसरं कोणी नसताना एवढंच म्हणा: "तू मला आधी सांगितलं नाहीस, मला वाईट वाटलं गं." बहुतेक वेळा कारण साधं असतं. नव्या कंपनीचं ऑफर लेटर हातात पडेपर्यंत माणूस जवळच्यालाही बोलत नाही. बोललं आणि नोकरी हुकली तर इथलीही जागा अवघड होते. लेटर आलं की राजीनामा आधी साहेबांकडे द्यावा लागतो, आणि साहेबांच्या केबिनमधून बातमी तिच्याआधी तुमच्यापर्यंत पोचते. लहान कारखान्यात हे हमखास होतं. कदाचित वेगळं कारणही निघेल. पण विचारल्याशिवाय लिहायला बसलात, तर दोन्ही कागदांत तो राग कुठून ना कुठून झिरपेलच. कौतुकाच्या वाक्यात "अचानक", "शेवटी", "कळलंच नाही" असे शब्द आलेले दिसले की समजा, अजून बोलायचं राहिलंय.

ते बोलून झालं की पत्र सोपं जातं. हाताने लिहा, एक पान. डब्याची गोष्ट इथं येऊ दे, आणि तीही नेमकी: कोणाच्या डब्यातली कुठली भाजी कोणाला जायची, आणि कोकमाचं सार कोण आणायचं. सभेत हे सांगितलं तर गोड वाटेल आणि विसरलं जाईल, तिच्या पत्रात मात्र त्याला जागा आहे. तिने तुमच्यासाठी केलेली, कुणालाच माहीत नसलेली एखादी गोष्टही लिहा. घरात आजारपण असताना तिने तुमची शिफ्ट केली असेल, तुमच्या रीडिंगमधली चूक रिपोर्ट वर जायच्या आत तिने तुम्हालाच परत पाठवली असेल. अशा गोष्टींबद्दल आपण कधी धन्यवाद म्हणत नाही, रोजच्या कामात ते ओशाळवाणं वाटतं. जाताना ते म्हणता येतं.

पत्रात "भेटत राहू, रोज फोन करू" नको. नव्या जागी पहिले दोन-तीन महिने ती दमलेली असेल आणि इकडे एप्रिल-मेमध्ये तुम्हालाही मान वर करायला सवड नसेल. रोजच्या फोनचं वचन महिन्याभरात मोडतं आणि मग दोघींना चुकल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा एकच ठरलेली भेट लिहा. ती देवरूखकडची आहे. घरच्या गणपतीला ती येईलच. "गौरी-गणपती झाले की एक दुपार माझ्याकडे जेवायला, तारीख तू सांग" एवढं पुरे. आणि हेही लिहा की सीझनमध्ये तुझा मेसेज आला आणि मी दोन दिवस उत्तर दिलं नाही, तर रागावू नकोस. तूही दिलं नाहीस तर मी रागावणार नाही. याने दोघींनाही हलकं वाटेल.

"इथली दारं तुला कायम उघडी आहेत" हे वाक्यही टाळा. दारं उघडी ठेवणं तुमच्या हातात नाही, आणि नव्या नोकरीवर निघालेल्या माणसाला ते परत येण्याबद्दल बोलल्यासारखं ऐकू येतं.

पत्र समारंभात देऊ नका. तिथं कोणीतरी "वाच की, वाच की" म्हणणार. ती निघताना, पर्स हातात असताना द्या.

शनिवारपर्यंत सभेचा कागद रोज एकदा मोठ्याने वाचा, मनात नाही. ज्या शब्दापाशी गळा दाटतो तो शब्द तुम्हाला आधी कळेल. बहुतेक तो "घाईचा थेंब" असेल. तिथं कागदावर पेनाने आडवी रेघ मारा आणि त्या रेघेपाशी थांबून एक श्वास घ्या, मग पुढचं वाक्य. अक्षर मोठं काढा, ओळींत अंतर ठेवा, पाठपोट लिहू नका. आणि सॉर्टिंगच्या टेबलावरची एखादी बाई, जिचा आवाज खणखणीत आहे आणि जिला हे सगळं माहीत आहे, तिला आदल्या दिवशी कागद वाचायला देऊन ठेवा. तुम्हाला पुढं वाचवेनासं झालं तर ती उठून उरलेलं वाचेल.